अंगणाला पेव्हर ब्लॉक किती आणि खाली वाळू किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात मामाच्या घरासमोर खळं आहे. आमच्याकडे अंगणाला खळंच म्हणतात. वर्षानुवर्षं ते शेणाने सारवलं जायचं. मामीचे गुडघे दुखायला लागल्यावर तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले आणि हिशेब माझ्याकडे आला. तेव्हापासून ओळखीचे बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात. खाली सगळीकडे त्याच खळ्याचं उदाहरण घेतलं आहे, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

दुकानदार म्हणतो चौरस मीटरला साडेएकोणचाळीस ब्लॉक, गवंडी म्हणतो अडतीस. खरं काय?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा नागमोडी कडांचा झिगझॅग ब्लॉक साधारण २२५ मिमी लांब आणि ११२.५ मिमी रुंद धरतात. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की एका ब्लॉकचं क्षेत्र येतं, आणि त्याने एका चौरस मीटरला भागलं की ३९.५ ब्लॉक मिळतात. दुकानदाराचा आकडा हाच.

पण ब्लॉक एकमेकांना घट्ट चिकटवून बसवत नाहीत. दोन ब्लॉकमध्ये २ ते ४ मिमी फट ठेवायची असते आणि तिच्यात बारीक वाळू भरायची असते. खरं इंटरलॉकिंग या वाळूमुळेच होतं, नागमोडी कड फक्त मदतीला असते. ३ मिमी फट धरली तर प्रत्येक ब्लॉक २२८ बाय ११५.५ मिमी एवढी जागा व्यापतो आणि चौरस मीटरला ३८ ब्लॉक पुरतात. चौरस फुटात सांगायचं तर साधारण ३.५३.

शंभर चौरस फुटांत हा फरक १४ ब्लॉकचा पडतो. म्हणून बिल चौरस फुटांवर होणार असेल तर आधीच विचारून ठेवा, ‘शंभर फुटांना किती नग देणार?’ उत्तर ३५३ च्या आसपास आहे की ३६७ च्या, यावरून समोरचा फटींसकट मोजतोय की फटी सोडून, ते कळतं. गाडीतून उतरताना मात्र नगच मोजून घ्यायचे.

आमचा ब्लॉक झिगझॅग नाही, डंबलच्या आकाराचा आहे. त्याचा आकडा कुठे मिळेल?

कुठल्याही तक्त्यावर विसंबू नका. एकाच नावाचा ब्लॉक दोन कारखान्यांत थोडा वेगळ्या मापाचा निघतो, आणि साचा झिजला की एकाच कारखान्यातलंही माप एखाद-दोन मिलिमीटरने सरकतं. कुठल्याही आकाराचा हिशेब अर्ध्या तासात स्वतः काढता येतो.

दुकानाच्या आवारातच, सपाट जमिनीवर, एका रांगेत ११ ब्लॉक मांडा. फटीसाठी मध्ये ३ मिमी जाडीची पट्टी किंवा पुठ्ठा घाला. मग पहिल्या ब्लॉकच्या डाव्या टोकापासून अकराव्या ब्लॉकच्या डाव्या टोकापर्यंत टेप लावा. हे दहा ब्लॉकचं अंतर झालं, दहाने भागा. तसंच अकरा रांगा एकाखाली एक मांडून पहिल्या रांगेवरच्या एका खुणेपासून अकराव्या रांगेवरच्या त्याच खुणेपर्यंत रांगांना काटकोनात अंतर घ्या आणि तेही दहाने भागा. दोन्ही अंतरांचा गुणाकार म्हणजे एका ब्लॉकचं खरं कव्हर.

इथे एकच चूक सगळे करतात. पहिल्या ब्लॉकच्या बाहेरच्या टोकापासून शेवटच्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत मोजतात. नागमोडी ब्लॉकचे दात बाहेर आलेले असतात, त्यामुळे माप वाढतं आणि ब्लॉक कमी लागतील असं वाटतं. खुणेपासून त्याच खुणेपर्यंत मोजलं की आकार कितीही वाकडा असला तरी हिशेब चुकत नाही. मामाच्या ब्लॉकची दहा अंतरं २२८ सेंमी आणि ११५.५ सेंमी भरली होती.

अंगणाची एक बाजू तिरकी आहे, मध्ये तुळशी वृंदावन आहे. क्षेत्रफळ कसं काढू?

मामाच्या खळ्यातही हेच होतं. घराच्या जोत्याकडची बाजू ३० फूट, समोरच्या गडग्याकडची २७ फूट, आणि या दोघींमधलं अंतर २२ फूट. डावी बाजू गुण्यात होती. उजवी तिरकी, कारण शेजाऱ्याची हद्द तशीच जाते. गुण्या तपासायला कोपऱ्यापासून एका बाजूला ६ फूट, दुसऱ्या बाजूला ८ फूट खूण करा. त्या दोन खुणांमध्ये बरोबर १० फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. डोळ्यांवर जाऊ नका. जुन्या घराचं जोतं सरळ दिसतं, पण असतंच असं नाही.

समांतर बाजूंची सरासरी साडेअठ्ठावीस फूट, गुणिले २२, म्हणजे ६२७ चौरस फूट. त्यातून वृंदावनाचे ३ बाय ३ म्हणजे ९, आणि चेंबरच्या झाकणाचे २ बाय २ म्हणजे ४ वजा केले. राहिले ६१४ चौरस फूट, मेट्रिकमध्ये ५७ चौरस मीटर. डाव्या मोकळ्या बाजूला कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवून धरणारी कडेची पट्टी, बसवायचा होता, म्हणून सगळी मापं कर्बच्या आतून घेतली होती. कर्बची जाडी विसरून बाहेरून मापं घेतली तर हिशेबात नसलेल्या जागेचे ब्लॉक विकत घेतले जातात.

५७ चौरस मीटरला ३८ ने गुणलं की २,१६६ ब्लॉक. कापाकापी अजून यात नाही.

कापाकापीसाठी सरसकट पाच टक्के धरले तर चालेल ना?

चौकोनी आणि मोठ्या अंगणाला चालून जातं. पण पाच टक्के हा आकडा आला कुठून, हे माहीत असलं की तो कधी फसेल ते आधीच कळतं.

वाया जाणारा माल क्षेत्रफळावर ठरत नाही, कडेवर ठरतो. आतल्या भागात एकही ब्लॉक कापावा लागत नाही. जिथे भिंत, कर्ब, वृंदावन किंवा चेंबर येतं, तिथे त्या रेषेवर येणारा प्रत्येक ब्लॉक कापावा लागतो. कुठल्या ब्लॉकचा मोठा भाग वापरात येतो, कुठल्याचा छोटा. सरासरी निम्मा वापरला जातो आणि निम्मा उरतो. म्हणून कापलेले ब्लॉक मोजायचे आणि त्यांचे निम्मे जादा धरायचे. माझा सगळा हिशेब या एका वाक्यावर आहे.

खळ्यात ब्लॉकच्या रांगा घराला समांतर घेतल्या होत्या. जोत्याकडची बाजू ३० फूट, म्हणजे ९.१४ मीटर. एक ब्लॉक २२.८ सेंमीचा, म्हणून तिथे ४० ब्लॉक कापायचे. नागमोडी दात भिंतीला सरळ टेकत नाहीत, त्यामुळे पहिल्या रांगेतला प्रत्येक ब्लॉक सपाट करावाच लागतो. गडग्याकडे २७ फुटांत तसेच ३६.

डाव्या बाजूला रांगा सुरू होतात. एक रांग पूर्ण ब्लॉकने, पुढची अर्ध्याने. ५८ रांगांमध्ये २९ अर्धे लागतात, आणि एक ब्लॉक मधोमध कापला की दोन्ही अर्धे कामी येतात. कारखान्यातून तयार अर्धे मिळाले तर आणखी बरं. म्हणून या बाजूची नासाडी शून्य धरली.

उजवी तिरकी बाजू महाग पडली. तिथे प्रत्येक रांगेत एक ब्लॉक कापला जातो, शिवाय रेषा तिरकी असल्यामुळे काही रांगांत दोन. मिळून ६२. वृंदावनाच्या चारही बाजूंना मिळून २६, चेंबरभोवती १९.

बेरीज केली तर नासाडी होणारे कापलेले ब्लॉक १८३, त्यांचे निम्मे ९२. म्हणजे २,१६६ वर सव्वाचार टक्के. हे झालं फक्त कापण्यातलं. वाहतुकीत आणि कटरवर फुटणारे ब्लॉक वेगळे, त्यांचे मी दोन टक्के धरतो. इथे ते ४३ झाले.

मग एकूण किती मागवले?

२,१६६ अधिक ९२ अधिक ४३ म्हणजे २,३०१. त्यावर ३० ब्लॉक पुढच्या दुरुस्तीसाठी. पाच वर्षांनी पाण्याची पाइपलाइन फुटली की खणावंच लागतं, आणि तेव्हा तोच रंग बाजारात मिळत नाही. मागवताना आकडा वरच्या पन्नासावर नेला आणि २,३५० ची ऑर्डर दिली.

सरसकट पाच टक्के धरले असते तर २,२७४ आले असते. म्हणजे दुरुस्तीसाठी काहीच उरलं नसतं, शिवाय २७ ब्लॉक कमीच पडले असते. २७ ब्लॉकसाठी दुसऱ्यांदा टेम्पो बोलवायचा, आणि येणारा माल दुसऱ्या दिवशी ओतलेला, सिमेंटच्या दुसऱ्या लॉटचा. एका ओळखीच्या घरी असाच शेवटचा कोपरा वेगळ्या छटेचा राहिला आहे. पावसात अंगण ओलं झालं की तो पट्टा लगेच नजरेत भरतो. सगळा माल एकदम घ्यायचा, आणि बसवताना तीन-चार थप्प्यांमधून आलटूनपालटून उचलायचा. असं केलं की छटा मिसळून जातात.

एक गंमतही सांगायला हवी. दुकानदाराच्या ३९.५ ने ५७ चौरस मीटरचे २,२५२ येतात. म्हणजे फटी न धरण्याची त्याची चूक आपल्या कापाकापीचा बराचसा खर्च आपोआप भरून काढते. ‘मी आजवर कधी जादा मागवले नाहीत आणि कधी कमीही पडले नाहीत’ असं सांगणारे ठेकेदार भेटतात, त्यांचं गुपित हेच. पण अंगण अरुंद निघालं की हे गुपित उघडं पडतं.

आमची जागा म्हणजे घराच्या बाजूची बोळ आहे, चार फूट रुंद आणि तीस फूट लांब. तिथे किती?

तिथे १२० चौरस फूट, म्हणजे ११ चौरस मीटरच्या थोडं वर. निव्वळ ब्लॉक ४२३ च्या आसपास. पण दोन्ही लांब कडांना ४० ४० ब्लॉक कापावे लागतात. त्यांचे निम्मे ४०, म्हणजे साडेनऊ टक्के, आणि फूटतूट त्यावर. बोळीसाठी बारा टक्क्यांच्या खाली जाऊ नका.

ब्लॉक तिरके, ४५ अंशांत बसवायचे असतील तर नासाडी आणखी वाढते, कारण मग चारही कडा तिरक्या कापल्या जातात. मोठ्या अंगणात ते छान दिसतं, बोळीत माल आणि मजुरी दोन्ही वाया.

कापून उरलेले तुकडे दुसरीकडे वापरले तर नासाडी कमी होणार नाही का?

होते, पण जितकी वाटते तितकी नाही. उरलेल्या तुकड्याला एका बाजूला मूळ नागमोडी कड असते आणि दुसऱ्या बाजूला कापलेली सरळ कड. नागमोडी कड आतल्या ब्लॉककडे आणि सरळ कड भिंतीकडे ठेवून तो कुठेही बसू शकतो. उलटा फिरवला तरी झिगझॅगचा आकार जुळतो. पण माप जुळायला हवं. तिरक्या बाजूच्या तुकड्याची कड तिरकी असते, ती सरळ करायला पुन्हा कापावं लागतं. गवंडी ढिगाऱ्यात तुकडा शोधत बसण्यापेक्षा नवा ब्लॉक घेतो, आणि त्याच्या रोजाचा हिशेब केला तर तो बरोबरच करतो. मी हे तुकडे हिशेबात धरत नाही. वाचले तर वाचले.

एक नियम मात्र पाळा. एक तृतीयांश ब्लॉकपेक्षा लहान तुकडा कडेला बसवू नका. तो मोटारसायकलच्या स्टँडखाली निसटतो आणि त्याच्या मागोमाग शेजारचा ब्लॉक हलतो. दोरी बांधून रांगांची कोरडी मांडणी करून बघताना शेवटच्या रांगेला असा पातळ काप येतोय असं दिसलं तर सुरुवातीची रांग थोडी सरकवा, म्हणजे दोन्ही टोकांना बऱ्यापैकी रुंद तुकडे येतील.

६० मिमीऐवजी ८० मिमी जाडीचे घेतले तर ब्लॉक कमी लागतात का?

नाही. संख्या तोंडाच्या मापावर ठरते, जाडीचा तिच्याशी संबंध नाही. बदलतं ते वजन, आणि ब्लॉक खाली किती खोल बसणार ते. ६० मिमीचा झिगझॅग ब्लॉक साधारण ३.६ किलोचा, म्हणजे मामाचा २,३५० चा ढीग साडेआठ टनांचा झाला. अशी गाडी गल्लीत येते का, आणि ब्लॉक उतरवायचे कुठे, हे आधी बघून ठेवा.

भारतीय मानक आय. एस. १५६५८ मध्ये जाडी आणि वापर यांची जोडी दिली आहे. फक्त पायी चालण्याच्या जागेला ५० मिमी, हलक्या वाहतुकीला ६० मिमी. घरची गाडी उभी राहणाऱ्या अंगणाला ६० मिमी पुरते, पण खालचा खडीचा थर नीट दाबलेला असेल तरच.

खाली वाळू किती लागेल?

ब्लॉकखालचा वाळूचा थर दाबून झाल्यावर २० ते ४० मिमी असावा. मी ३० धरतो. वाळूचं काम एवढंच, की ब्लॉकच्या जाडीतला थोडाफार फरक तिने पोटात घ्यावा आणि खालून सांध्यात थोडं वर यावं. अंगणाला ताकद वाळू देत नाही, ती खालच्या दगडांच्या सोलिंगमधून आणि खडीतून येते. हे एकदा पटलं की वाळू कमी लागावी असंच वाटू लागतं.

५७ चौरस मीटर गुणिले ०.०३ मीटर, म्हणजे १.७१ घनमीटर. पण हा दाबलेला थर. सुटी, किंचित दमट वाळू पसरली आणि वरून प्लेट व्हायब्रेटर फिरवला की ती साधारण पाचव्या हिश्शाने बसते. म्हणून ३० मिमी हवी असेल तर ३७-३८ मिमी पसरावी लागते. १.७१ ला १.२५ ने गुणलं की २.१४ घनमीटर, म्हणजे साडेपंचाहत्तर घनफूट.

खडीचा थर कितीही दाबला तरी आरशासारखा सपाट होत नाही. कुठे ५ मिमी खाली, कुठे १०. त्यासाठी सरासरी ५ मिमी जादा, म्हणजे आणखी १० घनफूट. सांडलेली आणि ढिगाच्या तळाशी मातीत मिसळलेली वाळू म्हणून आठ-दहा टक्के. सगळं मिळून ९२ ते ९४ घनफूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून एक ब्रास मागवली आणि पुरली. वृंदावनामागे थोडीशी उरली, तिचा मामीने कुंड्यांसाठी उपयोग केला.

हे सगळं पाठ करायचं नसेल तर अंदाजासाठी लक्षात ठेवा, ६०० ते ६५० चौरस फुटांना एक ब्रास.

एक ब्रास मागवली, पण ट्रॉलीत वाळू ओली होती आणि कमी पडली. फसवणूक झाली का?

असेलच असं नाही. दमट वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर चढतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच वाळू जास्त जागा घेते. ही फूग पंचवीस टक्क्यांपर्यंतही जाते. विशेष म्हणजे पूर्ण भिजलेली वाळू परत खाली बसते. जास्तीत जास्त फसवते ती नुसती दमट वाळू.

तपासायचं असेल तर सरळ बाजूंची बादली किंवा डबा घ्या. त्यात वाळू हलकेच भरा आणि उंची मोजा, समजा २० सेंमी आली. मग ती काढून डब्यात निम्मं पाणी घ्या आणि तीच वाळू थोडी थोडी परत टाकत ढवळा. बसल्यावर उंची १६ सेंमी आली, तर फूग १६ वर ४, म्हणजे पंचवीस टक्के.

आपण धरलेल्या १.२५ मध्ये किंचित दमट वाळूची फूग बऱ्याच अंशी आलेली असते, कारण वाळू पसरायचीही तशीच दमट असते. पण ट्रॉलीतली वाळू फार फुगलेली दिसली तर एकदाच चाचणी तुकडा करून बघा. एक मीटर बाय एक मीटर जागेत ३८ मिमी वाळू पट्टीने सारखी करा, ब्लॉक बसवा, व्हायब्रेटर दोन-तीनदा फिरवा, मग मधला एक ब्लॉक उपटून पट्टीने थर मोजा. ३० च्या ऐवजी २५ भरला तर पसरायची जाडी वाढवा, आणि हिशेबही.

पाण्याचा उतार वाळूच देईल ना? ठेकेदार तसंच म्हणतो.

असं म्हणणाऱ्याला काम देण्याआधी जरा थांबा. खळ्यात घरापासून गडग्याकडे ६० ला १ उतार हवा होता. २२ फुटांत तो साधारण ११.२ सेंमी होतो. तो वाळूने द्यायचा तर एका टोकाला ३ सेंमी आणि दुसऱ्या टोकाला चौदा सेंमी थर येतो. सरासरीने साडेपाच सेंमी जादा, म्हणजे वाळूच एक ब्रासपेक्षा जास्त लागली असती. पैसे गेले ते गेलेच, पण पहिल्या पावसाळ्यात चौदा सेंमीचा भाग जास्त बसला असता, तीन सेंमीचा कमी, आणि पाणी साचून डबकं झालं असतं.

उतार खालच्या खडीलाच द्यायचा. वाळू सगळीकडे सारखी. पाण्याची नळी घेऊन चार कोपऱ्यांच्या खुंट्यांवर पातळी लावा. ठरलेल्या वरच्या पातळीपासून ९ सेंमी खाली खडीचा माथा यायला हवा, ६ सेंमी ब्लॉकचे आणि ३ वाळूचे. खडी दाबून झाल्यावर दोरी ताणून जागोजाग हे अंतर मोजा. कुठे ११ आलं तर तिथे खडीच भरून पुन्हा दाबा, वाळू नाही. बसवताना मात्र ब्लॉकचा माथा ठरलेल्या पातळीपेक्षा आठेक मिमी वर ठेवा. व्हायब्रेटर फिरला की तो बरोबर जागेवर येतो.

वाळू महाग आहे. क्रशरची डस्ट वापरली तर?

नदीची वाळू मिळणं आता अवघडच झालं आहे, म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्यायला काहीच हरकत नाही. पण क्रश सँड आणि डस्ट एक नव्हेत. डस्टमध्ये पिठासारखं बारीक जास्त असतं. ते पाणी धरून ठेवतं, आणि वरून गाडी गेली की चिखल होऊन सांध्यांतून बाहेर येतं. पावसाळ्यात ब्लॉकवर राखाडी ओघळ दिसले आणि ब्लॉक पायाखाली किंचित डुगडुगू लागले, तर समजा खाली डस्ट आहे.

ओळखायला सोपं आहे. मूठभर दमट माल घट्ट दाबा आणि हात उघडा. लाडू तसाच राहिला आणि तळव्याला पीठ चिकटलं, तर तो माल परत. नीट वाळूचा लाडू बोटांनी ढकलला की सुटतो. कोकणात पावसाचं पाणी खूप, त्यामुळे तिथे या बाबतीत मी तडजोड करत नाही. अर्ध्या ब्रासच्या फरकासाठी सगळं अंगण उखडायची वेळ येते.

सांध्यात भरायची वाळू वेगळी घ्यायची का? आणि खालच्या वाळूत सिमेंट मिसळू का?

सांध्यांची वाळू वेगळी, बारीक आणि पूर्ण कोरडी हवी. ३ मिमी फटीत जाडी वाळू शिरतच नाही. खळ्यातल्या सगळ्या फटींचं मिळून आकारमान फक्त ०.१३ घनमीटर होतं, म्हणजे पाच घनफूटही नाही. तरी दुप्पट घ्या, कारण झाडताना बरीच बाजूला जाते आणि पहिल्या पावसानंतर सांधे पुन्हा भरावे लागतात. साध्या सिमेंटच्या गोणीच्या मापात आठ-नऊ गोण्या पुरतात. त्या छपराखाली ठेवा, दमट झाल्या की वाळू सांध्यात अडकून बसते.

सिमेंट नको. खाली सिमेंट-वाळू घातली की थर कडक होतो, पाणी खाली मुरत नाही, आणि जिथे जमीन किंचित बसली तिथे ब्लॉक हवेत लटकतो. पुढे पाइपसाठी उकरायचं झालं तर ब्लॉक सुटा निघत नाही, फुटतो. पेव्हरचा मोठा फायदा उपटून परत बसवता येण्यात आहे. सिमेंटने तो घालवायचा असेल तर साधं काँक्रीट केलेलं काय वाईट?

काम संपल्यावर वाळू बरोबर पडली आहे की नाही, ते कसं बघायचं?

सांधे भरण्याआधी, व्हायब्रेटरची पहिली फेरी झाली की, तीन ठिकाणचे ब्लॉक उपटून बघा. एक भिंतीजवळचा, एक मधला, एक गाडीच्या चाकाच्या वाटेवरचा. ब्लॉक सहज निघायला नको, दोन चपट्या पट्ट्या घालून ओढावा लागायला हवा. त्याच्या बाजूंना खालून वर आलेल्या वाळूची एक-दोन सेंमीची रेषा दिसायला हवी. ती नसेल तर वाळू फार कोरडी होती किंवा थर फार पातळ पडला. मग थराची जाडी मोजा. तिन्ही ठिकाणी आकडा २५ ते ३५ मिमीमध्ये असावा.

खळ्यात मधल्या जागी ५२ मिमी भरले होते. तिथे पूर्वी मामाची जुनी मेढ, म्हणजे लाकडी खांब, रोवलेली होती, खड्डा बुजवताना खडी पुरेशी दाबली नव्हती, आणि गवंड्याने वाळूने पातळी साधली होती. तीन-चार चौरस फुटांचे ब्लॉक काढले, खड्डा खडीने भरला, धुमसाने ठोकला आणि परत बसवले. दीड तास गेला, ब्लॉक एकही फुटला नाही.